आज कोण लिहितंय?

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र बुधवारीच आलं, पण उत्तराला रविवार उजाडला. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम फक्त डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी करायचा नसतो. भावजींचा खोकला गेला का? आणि फोनऐवजी पत्र का लिहितेस असं मला पुन्हा विचारू नकोस. तुझ्या घरी फोन वाजला की सगळे कान टवकारून बसतात. मला फक्त तुझ्याशी बोलायचं असतं.

इथे सगळं ठीक. नवीन घराच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसतात. ह्यांनी त्यांच्याशी भांडण काढलंय आणि सध्या कबुतरं जिंकताहेत.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, बढतीचं काय झालं. चार दिवस तो प्रश्न टाळत होते. नाही झालं, ताई.

आता झालं काय ते सांगते. तुला माहीत आहे, आमच्या कचेरीत पाणीपुरवठ्याच्या योजनांचे आराखडे होतात. पंप कुठे, टाकी कुठे, नळ किती जाडीचा, त्यात पाण्याचा दाब किती, हे काढायचं माझं काम. दर सोमवारी दहा वाजता आढावा बैठक असते. लांब टेबल, आठ खुर्च्या. साहेब एका टोकाला बसतात. सगळे बसले, चहा आला, की साहेब चष्मा पुसत विचारतात, "आज कोण लिहितंय?"

आणि मग शांतता होते.

ही शांतता मोठी गमतीची असते. कोणी फोन काढतं. सर्वेक्षण करणारे काका नकाशाची गुंडाळी उलगडायला लागतात, तो नकाशा कुणालाही नको असतो. आमचा गडगड्या (आवाज ढगासारखा म्हणून हे नाव) खिडकीबाहेर असं काही बघतो की बाहेर आग लागली असावी. दहा सेकंद जातात. मग साहेब माझ्याकडे बघून हसतात. "तूच घे गं. तुझं अक्षर सुंदर आहे."

सहा वर्षं, ताई. पहिल्या वेळी म्हणाले होते, आजच्या दिवस.

लोकांना वाटतं, लिहायचं काय त्यात, अर्ध्या तासाचं काम. बैठक दोन तासांची. त्या दोन तासांत सात जण एकाच वेळी बोलतात आणि त्यातून कोण काय म्हणालं, ठरलं काय, कोणी करायचं, कधीपर्यंत, हे वेचून काढायचं. मग टाईप करायचं. संध्याकाळच्या आत सगळ्यांना पाठवायचं. की लगेच चार उत्तरं. "मी असं म्हणालो नव्हतो." "माझ्या नावापुढे 'करतो' लिहिलंयस, त्याचं 'पाहतो' कर." "तारीख काढून टाक." गुरुवारी प्रत्येकाला आठवण करायची, आणि ते माझ्यावर चिडतात, जणू काम मीच त्यांच्या गळ्यात मारलंय. शिवाय खोली राखून ठेवणं, पडद्याची वायर शोधणं, पाहुण्यांचे पास, खुर्च्या कमी पडल्या तर शेजारच्या विभागातून मागणं. कोणी नोकरी सोडून गेलं की निरोपाचं कार्ड घेऊन सह्यांसाठी टेबलाटेबलाशी फिरणं. मागच्या महिन्यात मी तीन आठवडे नोंद ठेवली. सरासरी साडेनऊ तास. आठवड्यातले. माझी स्वतःची गणितं मी पाच वाजल्यावर, सगळे पिशव्या आवरत असताना उघडते.

तर साहेबांनी मला वार्षिक मूल्यमापनासाठी आत बोलावलं. समोर माझी फाइल. म्हणाले, "तुझ्या कामात बोट ठेवायला जागा नाही. पण गटप्रमुख म्हणून तुझं नाव पुढे करताना मला एक अडचण येते. तू बैठकीत बोलतच नाहीस."

मी म्हटलं, "साहेब, मी लिहीत असते."

"हो ना," ते म्हणाले, "आणि किती छान लिहितेस."

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं, ताई. तेच वाईट. माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. मी धीर करून म्हटलं, आळीपाळीने लिहू या का? ते लगेच हो म्हणाले. इतके लगेच, की मला आधीच विचारायला हवं होतं असं वाटलं.

पहिली पाळी गडगड्याची. त्याने चार ओळी पाठवल्या. "नळाबद्दल चर्चा झाली. बरीच चर्चा झाली. काही गोष्टी ठरल्या. बाकीचं पुढच्या वेळी." सगळे पोट धरून हसले. मीही हसले, ताई. दुसऱ्या सोमवारी काकांची पाळी, ते नेमके जागेवर मोजणीला. तिसऱ्या सोमवारी ज्याची पाळी तो रजेवर. चौथ्या सोमवारी साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपण प्रयत्न केला बुवा. ज्याचं त्यालाच जमतं." आणि वही टेबलावरून घसरत माझ्यासमोर आली.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "सरळ नाही म्हण ना." त्यांना वाटतं 'नाही' हा दोन अक्षरी शब्द आहे. त्या दहा सेकंदांत तो केवढा होतो हे त्यांना कसं कळणार? नाही म्हणणारी बाई म्हणजे आडमुठी, सहकार्य न करणारी, आणि तेही फाइलीत जातं. हो म्हणणारी बाई फाइलीत कुठेच जात नाही. बैठकीच्या इतिवृत्तात उपस्थितांच्या यादीत शेवटचं नाव माझं असतं, आणि त्यानंतर खाली एकदाही नसतं. स्वतःचं बोलणं लिहायला हात मोकळा नसतो, आणि हात मोकळा असतो तेव्हा बोलणं पुढे गेलेलं असतं.

असो. तू काळजी करू नकोस. मी रडत बसलेली नाही. थोडी गुदमरल्यासारखी आहे, एवढंच. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला सांग, वरिष्ठ माझ्यावर खूश आहेत. ते खोटं नाही.

तुझी,
धाकटी


११ मे, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आधी बातमी, मग बाकीचं. मी गटप्रमुख झाले. पत्र हातात आलंय. नव्या योजनेचा गट माझ्याकडे. खिडकीजवळचं टेबलही मिळालंय. आईला तू सांग. माझ्याकडून ऐकलं तर ती रडेल आणि मग मला फोनवर बोलता येणार नाही.

तुला वाटेल, तीन महिन्यांत असं काय झालं. तर मार्चमध्ये आमच्याकडे एक नवी मुलगी लागली. नुकतीच पदवी घेतलेली, हुशार, कामात चोख. सगळे तिला 'नवी' म्हणतात. सहा महिने ती परिवीक्षेवर आहे, म्हणजे काम पटलं तर कायम करतात. वही आता तिच्याकडे असते.

त्यामुळे माझे हात मोकळे झाले. ताई, ती काय चीज असते ते मी विसरले होते. पहिल्या सोमवारी मी नुसती बसले, हात मांडीवर, आणि माणसं बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सहा वर्षांत मी त्यांची तोंडं बघितलीच नव्हती, फक्त शब्द ऐकले होते. गडगड्या खोटं बोलताना भुवई खाजवतो. काका बरोबर असतात, पण हळू बोलतात. हे सगळं मला आता दिसलं. दुसऱ्या सोमवारी मी एक प्रश्न विचारला. तिसऱ्या सोमवारी दोन. साहेब म्हणाले, "अरे वा, वाचा फुटली."

आणि मग एका सोमवारी मी एक मुद्दा मांडला, त्याने सगळं फिरलं. तुला कळेल अशा भाषेत सांगते. आमच्या योजनेत पंप पाणी वर ढकलतो, लांबच्या टाकीपर्यंत. वीज अचानक गेली की पंप थांबतो, पण नळातलं पाणी लगेच थांबत नाही. वाटेत जिथे उंचवटा असतो तिथे ते पुढे ओढलं जातं आणि मागे पोकळी उरते. पुढचं पाणी परत फिरून त्या पोकळीवर आदळलं की नळाला असा दणका बसतो की तो फुटू शकतो. त्यासाठी उंचवट्यावर हवा आत घेणारा आणि हळूहळू बाहेर सोडणारा वॉल्व्ह लागतो, योग्य मापाचा. आमचा नळ जाणार होता सपाट वाटेने. मग जमिनीची अडचण आली आणि वाट बदलून टेकाडावरून काढली, अकरा मीटर उंच. पण गडगड्याकडचं दणक्याचं गणित जुन्याच वाटेवर केलेलं राहिलं होतं. कुणाच्या लक्षात नव्हतं. मी ते बैठकीत सांगितलं. गडगड्याची भुवई खाजवून लाल झाली. साहेबांनी आराखडा पुढे ओढला. मग म्हणाले, "हे नळ टाकल्यावर कळलं असतं तर?" पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आत बोलावलं.

तर असं. आनंद आहे. ह्यांनी कबुतरांशी तह केलाय आणि त्यांना दाणे घालतात.

ताई, तू पोळलेल्या हाताबद्दल फार थोडं लिहिलंयस. नीट मलम लावतेस ना? आणि आईला भेटायला मी जूनमध्ये यायचं म्हणतेय, पण गटाचं काम आत्ताच सुरू होतंय, तर बघू.

तुझी,
धाकटी


२७ जुलै, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. मी उत्तर दिलं नाही, जूनमध्ये आलेही नाही. कामाचं कारण सांगितलं. काम होतं, पण कारण ते नव्हतं. तू पत्रात अभिनंदन केलंस, आई रडली ते लिहिलंस, आणि मग खाली एकच ओळ: "त्या मुलीकडे वही गेली कशी?"

तू लहानपणापासून अशीच. मी सगळी खोली आवरायची आणि तू नेमकं पलंगाखाली बघायचीस.

सांगते. मार्चमधला दुसरा सोमवार. नवीचा दुसराच दिवस. साहेबांनी चष्मा पुसला. "आज कोण लिहितंय?" शांतता झाली. फोन, नकाशा, खिडकी, सगळं नेहमीचं. वही माझ्यासमोर होती. नवी टेबलाच्या कोपऱ्यावर बसली होती, स्वतःची छोटी डायरी उघडून. तिने पहिल्या पानावर तारीख लिहिली होती. मी ते अक्षर बघितलं. दहा सेकंद पुरे होण्याआधी मी म्हटलं, "हिचं अक्षर फार सुंदर आहे." आणि वही सरकवली.

कुणी मला सांगितलं नव्हतं, ताई. साहेबांनीसुद्धा नाही. वही घसरत तिच्यासमोर गेली आणि ती हसली. तिला वाटलं मी तिचं कौतुक केलं. "चालेल मॅडम," ती म्हणाली, "आजच्या दिवस ना?" मी मान हलवली.

मग मी तिला शिकवलंसुद्धा. वेळ काढून, प्रेमाने. सांगितलं, आपलं मत त्यात घालायचं नाही. 'असे ठरले', 'असे लक्षात आले' असं लिहायचं, म्हणजे कुणी अंगावर येत नाही. 'करतो' म्हणालेल्या माणसाला आधी दाखवून घ्यायचं. निरोपाच्या कार्डावर साहेबांची सही मोठी असते, ती सर्वात शेवटी घ्यायची, म्हणजे इतरांना जागा कमी पडत नाही. ती सगळं लिहून घ्यायची. संध्याकाळी पाच वाजता ती स्वतःचं काम उघडून बसलेली दिसायची आणि मी पिशवी आवरत असायचे. "नवी, फार उशीर करू नकोस गं," म्हणून मी निघायचे.

आता त्या टेकाडाचं. तो मुद्दा माझा नव्हता.

तो तिला सापडला. आणि सापडला तो लिहिण्यामुळेच. तिसऱ्या आठवड्यात काका त्यांच्या हळू आवाजात म्हणाले होते, वाट टेकाडावरून घेतली. ते कुणी ऐकलं नाही, पण तिने लिहिलं. पाचव्या आठवड्यात गडगड्या म्हणाला, दणक्याचं गणित पूर्ण झालं, जुन्याच कागदांवर. तेही तिने लिहिलं. दोन्ही पानं टाईप करताना तिला मेळ बसेना. सगळ्या बैठकांची इतिवृत्तं वाचणारी टेबलाभोवती ती एकटीच होती. मंगळवारी ती माझ्याकडे आली, डायरीत गणित करूनच आली होती, आकडे बरोबर होते. म्हणाली, "मॅडम, मला बैठकीत सांगायचं होतं, पण लिहिता लिहिता विषय पुढे गेला."

ताई, ते वाक्य माझं होतं. शब्दन्‌शब्द माझं.

मी म्हटलं, "मी बघते." आणि पुढच्या सोमवारी मी ते सांगितलं. सुरुवात करताना मनात होतं की शेवटी तिचं नाव घ्यायचं. खरंच होतं. पण साहेब पुढे झुकले, गडगड्या गप्प झाला, काका पहिल्यांदाच मोठ्याने "बरोबर आहे" म्हणाले, आणि मी बोलत राहिले, आणि थांबले तेव्हा नाव घ्यायची जागा निघून गेली होती. नवी खाली मान घालून लिहीत होती. संध्याकाळी मसुदा आला. कलम चौथं. टेकाडाचा मुद्दा, आणि पुढे माझं नाव. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. खाली विचारलं होतं, "मॅडम, बरोबर आहे का?"

मी उत्तर दिलं, "बरोबर आहे."

पंधरा दिवसांनी मी गटप्रमुख झाले.

तुझी ती ओळ आल्यावर मला चैन पडेना. जूनच्या दुसऱ्या सोमवारी, बैठकीच्या सुरुवातीला साहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, मागच्या इतिवृत्तांत कुणाची दुरुस्ती? मी म्हटलं, माझी आहे. आणि सांगून टाकलं, की तो मुद्दा आणि ते गणित नवीचं आहे, कलम चारमध्ये तिचं नाव हवं. वाटलं होतं, छताचा तुकडा तरी पडेल. काही झालं नाही. साहेब म्हणाले, "अगं, सगळं टीमचंच असतं." मग त्यांनी नवीकडे बघितलं. रागाने नव्हे. नुसतं बघितलं, जसं वस्तूचा भाव पुन्हा विचारताना बघतात. "घाल दुरुस्ती," ते म्हणाले.

संध्याकाळी दुरुस्ती आली. कलम चार: "सदर बाब चर्चेतून लक्षात आली." माझं नाव काढलेलं, तिचं घातलेलं नाही.

मी तिच्या टेबलाशी गेले. "हे काय?"

ती आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला विचारलं होतंत का? सांगण्याआधी?"

"तुझंच तर नाव घेतलं मी."

"साहेबांनी माझ्याकडे कसं बघितलं ते पाहिलंत ना? आता मी वरिष्ठांकडे तक्रार घेऊन गेलेली मुलगी झाले. माझी परिवीक्षा सप्टेंबरपर्यंत आहे. मला आत्ता नाव नको, नोकरी पाहिजे." मग म्हणाली, "तेव्हा घेतलं असतंत तर उपयोग होता."

मी परत येऊन बसले. खिडकीतून ऊन फाइलींवर पडत होतं, मी पडदा ओढला.

यानंतर मी वही तिच्याकडून काढून घेतली असेल असं तुला वाटेल. नाही घेतली. जुलैत पाणी मंडळाची माणसं येणार होती, ज्यांच्यासाठी ही योजना चालली आहे ती. माझ्या गटाची पहिली मोठी बैठक. त्या बैठकीचं इतिवृत्त नेटकं व्हायला हवं होतं, कारण त्यावर पुढे सह्या होतात. आणि नवीइतकं नेटकं कुणी लिहीत नाही. साहेबांनी विचारलं, "आज कोण लिहितंय?" आणि शांतता झाली, आणि या वेळी ताई, मी फाइलीतलं काहीतरी शोधायला लागले. मला काही शोधायचं नव्हतं. तेव्हा मला कळलं की काका आणि गडगड्या हे दुष्टपणाने करत नव्हते. त्यांनाही फक्त आपली बैठक बरी व्हायला हवी होती. नवीने कुणी न सांगता लॅपटॉप पुढे ओढला.

बैठकीत मंडळाच्या बाईंनी वॉल्व्हबद्दल विचारलं. त्या स्वतः जुन्या अभियंता, प्रश्न बारीक होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर देता आलं असतं, अर्धंमुर्धं. मी नवीकडे वळले आणि हळूच विचारलं, "तू सांगतेस का?" या वेळी विचारलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग टाईप करायचं थांबवून उठली आणि फळ्यापाशी गेली. टेकाड काढलं, नळ काढला, पोकळी कुठे होते ते दाखवलं, वॉल्व्हची दोन मापं का कमी पडतात आणि तिसरं का पुरतं ते सांगितलं. दहा-बारा मिनिटं. मंडळाच्या बाई मध्येच म्हणाल्या, "हे इतकं स्वच्छ मला कुणी समजावलं नव्हतं." नवीचे कान लाल झाले होते. मला आनंद झाला, पण त्यात दुखणंही होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इतिवृत्त वाचलं आणि मला बोलावलं. "वॉल्व्हचं यात काहीच कसं नाही?"

नसणारच. ती बोलत होती तेव्हा लिहिणारं कुणी नव्हतं. आठ माणसं बसली होती, आठांच्या खिशात पेनं होती, माझ्या तर हातातच होतं. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मी जागेवर आले आणि आठवून आठवून ती बारा मिनिटं लिहून काढली. दोन पानं. प्रत्येक वाक्यापुढे तिचं नाव घातलं. पाठवण्याआधी तिला दाखवलं, चालेल का म्हणून. तिने एक आकडा दुरुस्त केला आणि म्हणाली, "राहू द्या नाव."

मला वाटलं, झालं काहीतरी.

परवाच्या सोमवारी साहेबांनी ती दोन पानं हातात धरून सगळ्यांना दाखवली. "याला म्हणतात लिहिणं," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून, "तू पुन्हा सुरू कर ना. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही." आणि वही माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, "नाही."

आवाज मोठा नव्हता. पण म्हटलं, ताई. सहा वर्षांनी. साहेबांनी नवीकडे पाहिलं. नवीने हात टेबलाखाली घेतले आणि तिनेही मान हलवली, नाही. वही टेबलाच्या मधोमध पडून राहिली. काकांनी नकाशा उलगडला. गडगड्याने खिडकीबाहेर पाहिलं. दहा सेकंद गेले, मग वीस. इतकी लांब शांतता त्या खोलीत कधी झाली नव्हती. मला वाटलं, आता कुणीतरी पुरुष हात पुढे करेल. करावाच लागेल.

साहेबांनी फोन उचलला. "खाली स्वागतकक्षात कोण आहे? त्यांना जरा वर पाठवा. आणि पेन घेऊन यायला सांगा."

ज्या बाई दारात बसून पाहुण्यांची नावं लिहून घेतात, त्या आल्या. पन्नाशीच्या आहेत, जिना चढून धाप लागली होती. मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नाही. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठे बसू?"

सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं, मलाही वाटलं, हे तुला सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी माझी खुर्ची बाजूला सरकवली आणि त्यांना जागा करून दिली. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आभार मानल्यासारख्या. नवीने माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बैठक सुरू झाली.

त्या दोन तासांत मी तीनदा बोलले. तिन्ही वेळा त्यांनी ते लिहिलं.

मला क्षमा कर असं म्हणत नाही. ती तू द्यायची गोष्ट नाही, आणि ज्यांनी द्यायची त्यांच्याकडे मागायला मी अजून गेलेली नाही. उद्या पुन्हा सोमवार आहे. सकाळी दारातून आत जाताना मी त्या बाईंना त्यांचं नाव विचारणार आहे. त्यापुढे काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

खुर्ची सरकवणारी,
तुझी धाकटी